बत्तिसाव्या नावानंतरची तक्रार

जावा भाषेत लिहिलेला एखादा प्रोग्राम यादी लावता लावता मधेच थांबतो आणि पडद्यावर ही ओळ उमटते:

```
java.lang.IllegalArgumentException:
Comparison method violates its general contract!
```

तुलना करणाऱ्या कोडने ठरलेला करार मोडला, असं ही ओळ सांगते. पण करार कुठला आणि कोणत्या दोन नोंदींवरून तो मोडला, याचा त्यात पत्ता नसतो. गोंधळात भर म्हणजे हाच प्रोग्राम परवापर्यंत सुरळीत चालत असतो, चाचणीतही पास झालेला असतो आणि मधल्या काळात कोडला कोणी हातही लावलेला नसतो.

यादी लावण्याचं, म्हणजे सॉर्टिंगचं काम जावामध्ये दोघांत वाटलेलं असतं. नोंदी हलवण्याचं काम जावाच्या तयार कोडकडे असतं. पण नोंद कशाची आहे हे त्या कोडला ठाऊक नसतं, त्यामुळे दोन नोंदींपैकी आधी कोण हे सांगण्याची जबाबदारी प्रोग्रामरवर येते. त्यासाठी तो जो छोटा कोड लिहितो, तो कंपॅरेटर. त्याच्या हातात दोन नोंदी दिल्या जातात आणि त्याने एक आकडा परत द्यायचा असतो. ऋण आकडा म्हणजे पहिली नोंद आधी, धन म्हणजे दुसरी आधी आणि शून्य म्हणजे क्रमापुरत्या दोन्ही सारख्या.

शाळेची गुणवत्ता यादी घेऊ. जास्त गुण मिळवणारा वर, कमी मिळवणारा खाली. जो परीक्षेलाच बसला नाही त्याच्या गुणांची जागा रिकामी असते. जावात अशा रिकाम्या जागेला `null` म्हणतात. रिकाम्या जागेतून गुण वजा करायला गेलं तर प्रोग्राम कोसळतो, म्हणून प्रोग्रामर सावधपणे असं लिहितो:

```java
(a, b) -> {
  if (a.marks == null || b.marks == null)
    return 0;
  return b.marks - a.marks;
}
```

दोघांपैकी एक जरी गैरहजर असेल तर तुलनाच नको, दोघे सारखे समजा. वाचताना यात काही खटकत नाही. पण करार इथेच मोडला आहे.

कराराची कलमं तीन आहेत आणि तिन्ही साध्या व्यवहारातली आहेत. क पुढे आणि ख मागे असेल, तर उलटून विचारल्यावरही ख मागेच निघाला पाहिजे. क हा खच्या पुढे आणि ख हा गच्या पुढे असेल, तर क हा गच्या पुढे असलाच पाहिजे. आणि क व ख सारखे असतील, तर तिसऱ्या कोणाशीही तुलना केली तरी दोघांचं उत्तर एकच आलं पाहिजे. आपल्या कोडमध्ये हे तिसरं कलम मोडतं. अनयाला 60 गुण आहेत, चित्राला 80 आणि बाळू गैरहजर. कोडच्या मते अनया आणि बाळू सारखे, बाळू आणि चित्राही सारखे. मग अनया आणि चित्रा सारख्याच हव्यात. पण तिथे मात्र कोड चित्राला वर बसवतो.

ही तीनच नावं जावाला देऊन पाहू. यादी अनया, चित्रा, बाळू अशी दिली, तर परत येते ती चित्रा, अनया, बाळू. अगदी हवी तशी. आता तीच नावं अनया, बाळू, चित्रा अशी द्या. जावा शेजारच्या दोघांची तुलना करत पुढे सरकते: अनया-बाळू, उत्तर शून्य, बाळू-चित्रा, उत्तर शून्य. कुठेच उलटा क्रम सापडला नाही, म्हणजे यादी आधीच लागलेली आहे असं धरून ती जशीच्या तशी परत मिळते. 60 गुणांची अनया पहिली आणि 80 गुणांची चित्रा शेवटची. अनया आणि चित्राला समोरासमोर आणण्याची वेळच आली नाही. यादी चुकली, पण पडद्यावर तक्रारीची एक ओळही आली नाही.

मग तक्रार येते कधी? त्यासाठी जावाची यादी लावण्याची पद्धत पाहावी लागते. तिचं नाव टिमसॉर्ट. टिम पीटर्स यांनी ती 2002 मध्ये पायथन भाषेसाठी तयार केली. पुढे जोशुआ ब्लॉक यांनी ती जावात आणली आणि 2011 मध्ये आलेल्या जावा 7 पासून वस्तूंच्या याद्या याच पद्धतीने लागू लागल्या. यादीत 32 पेक्षा कमी नोंदी असतील तर टिमसॉर्ट प्रत्येक नोंद उचलून तिच्या जागी खोचत जाते आणि मोकळी होते. या वाटेवर तक्रार करणारी ओळच नाही. म्हणजे 31 नोंदींपर्यंत कंपॅरेटर कितीही बेताल असला तरी हा संदेश येऊच शकत नाही. चाचणीसाठी प्रोग्रामर दहा-वीस नावं घेतो. चाचणी पास का झाली, याचं उत्तर बहुतेक वेळा इथेच मिळतं.

यादी 32 किंवा त्याहून मोठी असली की टिमसॉर्ट ती तुकड्यांत लावते आणि मग शेजारचे दोन तुकडे एकत्र करते. वेडीवाकडी 40 नावं असतील तर साधारण वीस-वीसचे दोन तुकडे होतात. एकत्र करण्याआधी ती काम थोडं आटोपून घेते. उजव्या तुकड्यातलं पहिलं नाव डाव्या तुकड्यात कुठे बसेल हे शोधते. त्याच्या वरची नावं आपल्या जागी आहेतच, ती सोडून देते. तसंच डाव्या तुकड्यातलं शेवटचं नाव उजव्यात कुठे बसेल हे पाहून त्याच्या खालची नावंही सोडून देते. आता जे उरलं, त्याबद्दल एक गोष्ट पक्की ठरते: डाव्या तुकड्यातलं शेवटचं नाव उजवीकडे उरलेल्या सगळ्यांच्या खाली जायला हवं. म्हणजे दोन्हीकडून एकेक नाव उचलताना उजवा तुकडा आधी संपेल आणि डावीकडचं ते शेवटचं नाव तळाशी बसेल.

आता उजव्या तुकड्याच्या मध्यावर आपला बाळू आहे असं समजा. जागा शोधताना टिमसॉर्ट सगळ्या नावांशी तुलना करत नाही, त्यामुळे बाळू नजरेतून सुटू शकतो. एकत्रीकरण सुरू होतं आणि बाळूची पाळी येते. डावीकडचं नाव आणि बाळू, उत्तर शून्य. दोघे सारखे असतील तर डावीकडचा आधी, हा टिमसॉर्टचा नियम, कारण मुळातला क्रम बिघडू द्यायचा नसतो. डावीकडचं नाव जातं, पुढचंही जातं, बाळू जागच्या जागी. एकाच बाजूची सलग सात नावं गेली की टिमसॉर्ट एकेक उचलणं सोडून मोठ्या उड्या मारू लागते. सातचा आकडा सुरुवातीचा, पुढे तो कामाच्या ओघात बदलतो. उडी मारण्यासाठी ती विचारते: डावीकडची किती नावं बाळूच्या आधी जातील? बाळू तर सगळ्यांशीच सारखा, म्हणून उत्तर येतं, सगळी. डावा तुकडा एका फटक्यात रिकामा होतो. शेवटी उरायलाच हवं होतं ते नावही निघून जातं आणि टिमसॉर्टच्या लक्षात येतं की असं घडणं शक्यच नव्हतं. ती संदेश टाकते आणि थांबते. तुकडे उलट टोकाकडून जोडले तरी हिशेब हाच, फक्त बाजू बदलतात.

बाळूची पाळी आली तेव्हा डावीकडे तीन-चारच नावं उरली असती, तर उडी मारण्याची वेळ आलीच नसती आणि संदेशही आला नसता. टिमसॉर्ट करार तपासत बसत नाही. तपासणी म्हणून प्रत्येक तिघांची तुलना करायची तर यादी लावण्यापेक्षा तेच काम मोठं होईल. करार पाळला आहे असं धरून ती चालते आणि चालता चालता ठेच लागली तरच बोलते. म्हणूनच कोड तोच असूनही एक गैरहजर विद्यार्थी वाढला किंवा नावांचा मूळ क्रम बदलला की आजवर चाललेला प्रोग्राम अडतो.

जावा 7 येण्याआधीची पद्धत अशा वेळी काहीच बोलत नसे. ती पद्धत परत आणण्याची एक सोयही ठेवलेली आहे:

```
-Djava.util.Arrays.useLegacyMergeSort=true
```

हे लिहिलं की संदेश बंद होतो, पण चित्रा अनयाच्या खाली जाण्याची शक्यता तशीच राहते. दुरुस्ती कंपॅरेटरमध्येच करावी लागते आणि ती करताना सोडून दिलेल्या एका प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं: गैरहजर विद्यार्थी यादीत नेमका कुठे बसणार? सगळ्यांच्या शेवटी, असं ठरलं तर जावा 8 पासून ते थेट लिहिता येतं:

```java
Comparator.comparing((Student s) -> s.marks,
  Comparator.nullsLast(
    Comparator.reverseOrder()))
```

आता सगळे गैरहजर आपापसांत सारखे आणि प्रत्येक हजर विद्यार्थ्याच्या खाली. तिन्ही कलमं पाळली जातात. यात वजाबाकीही उरली नाही, हे बरंच झालं. गुणांच्या लहान आकड्यांत वजाबाकी चालून जाते, पण जावाच्या `int` मध्ये 2,147,483,647 पेक्षा मोठा आकडा मावत नाही. −200 कोटींतून 200 कोटी वजा केले तर उत्तर ऋण यायच्या ऐवजी 29,49,67,296 असं धन येतं आणि लहान आकडा मोठा ठरतो. पाच रुपयांपेक्षा कमी फरक असलेल्या किमती सारख्या धरणारा कंपॅरेटरही याच जातीचा: 100 आणि 104 सारखे, 104 आणि 108 सारखे, पण 100 आणि 108 वेगळे. कधी कधी कंपॅरेटर निर्दोष असतो, मात्र यादी लागत असतानाच प्रोग्रामचा दुसरा भाग तेच गुण बदलत असतो. तेव्हाही संदेश हाच येतो.

संदेशासोबत येणाऱ्या यादीत वरच्या ओळींवर `TimSort.mergeLo` किंवा `TimSort.mergeHi` दिसतं. तिथे शोधण्यासारखं काही नसतं. खाली उतरत जाऊन स्वतःच्या कोडची पहिली ओळ गाठायची. सॉर्टिंगची हाक तिथून दिलेली असते आणि कंपॅरेटरही तिथेच सापडतो. मग ज्या नोंदींवर प्रोग्राम अडला त्याच घेऊन त्यातल्या प्रत्येक तिघांवर तिन्ही कलमं तपासायची. 50 नोंदींची 1,25,000 त्रिकुटं होतात आणि संगणकाला तेवढ्यासाठी फार वेळ लागत नाही. दोषी त्रिकूट नावानिशी समोर येतं. हीच तपासणी एक रिकामी नोंद, दोन सारख्या नोंदी आणि एक टोकाचा आकडा घालून कंपॅरेटर लिहिल्या दिवशीच केली, तर तीन नावांच्या यादीतली चूकही पकडता येते. तिथे टिमसॉर्ट कधीच बोलणार नसते.