खो चुकायला लागला, तर आधी शुगर तपासा

टाइप 1 मधुमेह असलेली अकरा वर्षांची एक मुलगी समजा. वजन तीस किलो. रोज संध्याकाळी पाच ते साडेसहा खो-खोचा सराव. तिच्या आईने प्रशिक्षकांना द्यायचं पत्र बहुतेकदा असं सुरू होतं: "सर, हिला डायबेटिस आहे, जरा लक्ष ठेवा." सर भले असतात, लक्ष ठेवायला तयारही असतात. पण कशावर लक्ष ठेवायचं हेच त्या पत्रात नसतं. शिवाय सरांच्या डोक्यात मधुमेह म्हणजे साखर वाढणं. मैदानावरचा तातडीचा धोका बहुतेक वेळा उलटा असतो, साखर उतरण्याचा. म्हणून पत्राची सुरुवात तिथूनच व्हावी.

कारण सोपं करून सांगता येतं. निरोगी मूल धावू लागलं की त्याचं शरीर इन्सुलिन आपोआप कमी करतं. या मुलीचं इन्सुलिन इंजेक्शनमधून आलेलं आहे. चार वाजता पोह्यांबरोबर घेतलेलं जलद इन्सुलिन पुढच्या तासा-दोन तासांत सर्वांत जोरात काम करतं, आणि सराव नेमका त्याच वेळी असतो. टोचलेलं इन्सुलिन परत काढून घेता येत नाही. त्यात धावणारे स्नायू स्वतःही साखर ओढत असतात. इंजेक्शन मांडीत घेतलं असेल, तर धावताना ते आणखी लवकर रक्तात उतरतं.

आता पाचला दहा कमी असताना ग्लुकोमीटरने 112 दाखवलं असं धरा. सरांना हा आकडा उत्तम वाटेल, कारण घरी बसलेल्या माणसासाठी तो उत्तमच आहे. दीड तास पळणाऱ्या या मुलीसाठी मात्र तो पुरेसा नाही. तिने आधी अर्धं केळं खावं, मग मैदानात उतरावं. आकडा 90 च्या खाली असेल तर आधी खाणं, पुन्हा तपासणी, मगच सराव. दंडावर सेन्सर असला तरी धावताना त्याचा आकडा काही मिनिटं मागे राहतो. म्हणून शंका आली की बोटातून थेंब काढून पाहावं, आणि त्याआधी हात धुवावेत. बोटाला केळ्याचा चिकटा असेल तर मीटर खोटाच मोठा आकडा दाखवतो.

पत्रातला सर्वांत मोलाचा परिच्छेद लक्षणांचा. पुस्तकात घाम, थरथर, धडधड अशी यादी असते, पण सरावात घाम आणि धडधड तर सगळ्यांनाच असते. सरांना ओळखता येईल असं लिहायला हवं: "ती एरवी नियमांत पक्की आहे. दिशा घेतल्यावर मध्येच मागे वळली, खो मिळूनही बसून राहिली, चुकीच्या बाजूला तोंड करून बसली, विनाकारण चिडली किंवा रडली, चेहरा पांढरा पडला, तर तिला ओरडू नका. लगेच खेळ थांबवून शुगर तपासा. 'मी ठीक आहे' असं ती म्हणेल, त्यावर विसंबू नका." साखर कमी झाली की मेंदूलाच इंधन पुरत नाही. म्हणूनच त्या मुलाला स्वतःला काय होतंय हे धड कळत नाही.

70 च्या खाली आकडा आला, किंवा मीटर हाताशी नसताना लक्षणं दिसली, की तिला जागेवर बसवून सुमारे दहा ग्रॅम साखर द्यायची. म्हणजे चहाचे दोन भरलेले चमचे ग्लुकोज पावडर, थोड्या पाण्यात. चॉकलेट नको, त्यातल्या चरबीमुळे साखर उशिरा चढते. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, आणि अजून 70 खालीच असेल तर तेवढीच साखर पुन्हा. 90 च्या वर गेल्याशिवाय खेळ नाही. आकडा 54 च्याही खाली गेला असेल, तर त्या दिवसाचा सराव संपला. या काळात तिला एकटीला पाणी प्यायला, बाथरूमला किंवा घरी पाठवू नये. ग्लुकोजची डबी सरांच्या किटमध्ये असावी, लांब भिंतीला टेकवलेल्या तिच्या दप्तरात नव्हे.

बेशुद्धी किंवा झटके आले, तर तोंडात काहीही घालायचं नाही. ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. कुशीवर वळवायचं, 108 ला फोन करायचा, मग पालकांना. डॉक्टरांनी ग्लुकागॉन दिलेलं असेल तर ते कसं द्यायचं हे आईने सरांना आधीच समोर बसून दाखवलेलं असावं.

एक गोष्ट पत्रातून हमखास सुटते. रिकामे झालेले स्नायू रात्रभर साखर भरून घेत राहतात, त्यामुळे संध्याकाळी दमवणारा सराव झाला तर मध्यरात्रीनंतर झोपेत साखर उतरू शकते. रात्रीचं इन्सुलिन कमी करायचं का, झोपताना काही खायला द्यायचं का, हे आई डॉक्टरांनी आखून दिल्याप्रमाणे ठरवते. पण त्यासाठी मैदानावर काय झालं हे तिला कळावं लागतं. म्हणून पत्राच्या शेवटी एवढी विनंती असावी: "सराव लांबला, नेहमीपेक्षा जास्त पळवलं किंवा मध्ये साखर द्यावी लागली, तर त्याच संध्याकाळी मला एक मेसेज करा. रात्री दोन वाजता उठून तपासायचं की नाही, हे मी त्यावरून ठरवीन."