चाळीस पानांचं प्रकरण, दीड पानांत

एमडीच्या विद्यार्थ्याचा थिसिस हाताळलेल्या कुणालाही त्यातलं निकालांचं प्रकरण लांबूनच ओळखू येतं. आधी वयोगटाचं कोष्टक, खाली त्याचाच पाय चार्ट आणि त्याखाली तेच आकडे पुन्हा वाक्यांत. मग शिक्षण, राहण्याचं ठिकाण, कितवं बाळंतपण असं एकेक सुरू होतं आणि पानं चाळीसवर जातात. परीक्षकांना सगळं तपासता यावं, म्हणून थिसिसमध्ये हे चालतं. नियतकालिकाचा हिशोब मात्र वेगळा असतो. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ मूळ संशोधनाच्या अख्ख्या लेखाला २,७०० शब्द देतं आणि कोष्टकं व आकृत्या मिळून पाच. त्यातला निकालांचा वाटा जेमतेम दीड-दोन पानांचा.

एवढं कापायचं तर कात्री कुठून लावायची? बहुतेक जण वाक्यं आखूड करायला बसतात आणि चाळीस पानांची तीस करून थकतात. अनुभवी मार्गदर्शक आधी थिसिस मिटवायला लावतात आणि विचारतात, ‘तुझा मुख्य प्रश्न काय होता?’ काय ठेवायचं आणि काय गाळायचं, हे त्या उत्तरावरून ठरतं.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. रक्तक्षय असलेल्या १२० गरोदर स्त्रियांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे यादृच्छिक पद्धतीने दोन गट केले. साठ जणींना लोहाची गोळी रोज, साठ जणींना एक दिवसाआड. आठ आठवड्यांनी हिमोग्लोबिन किती वाढलं, हा मुख्य प्रश्न. गोळ्यांनी मळमळ किती जणींना झाली, हा दुय्यम.

पहिली छाटणी सोपी आहे. वय, शिक्षण, बाळंतपणं, सुरुवातीचं हिमोग्लोबिन यांची दहा-बारा कोष्टकं मिळून एकच कोष्टक होतं: डावीकडे बाबी, उजवीकडे दोन गटांचे दोन रकाने. पाय चार्ट सगळे जातात. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीची सूचनाच आहे की, कोष्टकातले सगळे आकडे मजकुरात पुन्हा लिहू नयेत, त्यातले महत्त्वाचे तेवढेच सांगावेत. या कोष्टकातल्या प्रत्येक ओळीपुढची पी-व्हॅल्यूही जाते. गट यादृच्छिक पद्धतीनेच पाडले असतील, तर सुरुवातीचा फरक योगायोगाचाच असतो. त्याची चाचणी लावून नवं काही कळत नाही, म्हणून अशा प्रयोगांच्या अहवालासाठी केलेल्या ‘कॉन्सॉर्ट’ नियमावलीलाही ती मान्य नाही.

खरी अडचण मुख्य निकालापाशी येते. थिसिसमध्ये दोन कोष्टकं आहेत. पहिलं सांगतं, रोज गोळी घेणाऱ्यांचं सरासरी हिमोग्लोबिन ९.१ वरून १०.७ झालं, p = 0.000. दुसरं सांगतं, दिवसाआड घेणाऱ्यांचं ९.२ वरून १०.५ झालं, p = 0.000. विद्यार्थी दोन्ही ओळी उचलून शोधनिबंधात ठेवतो. पण प्रत्येक गटात वाढ झाली, हे कळून प्रश्न सुटत नाही. प्रश्न दोन गटांमधल्या फरकाचा होता आणि थिसिसच्या चाळीस पानांत तो फरक कुठेच काढलेला नाही. म्हणजे छाटणी करताना एक आकडा नव्याने काढावा लागतो.

तो काढण्याआधी डोकी मोजायला हवीत. शेवटच्या तपासणीला रोजच्या गटातल्या ५४ आणि दिवसाआडच्या गटातल्या ५२ जणी आल्या. १४ जणी गळाल्या. त्या कुठे आणि का गळाल्या, हे कॉन्सॉर्टची प्रवाह-आकृती दाखवते, त्यामुळे थिसिसमधली त्याबद्दलची दोन पानं एका आकृतीत मावतात. टक्केवारीचा छेदही इथे ठरतो. रोजच्या गटात २० जणींना मळमळ झाली. थिसिसने ६० ने भागून ३३.३ टक्के लिहिले, पण माहिती ५४ जणींचीच असल्यामुळे खरे टक्के ३७.० होतात. म्हणून टक्क्यांशेजारी मूळ संख्या लागते. ‘५४ पैकी २०’ लिहिलं की वाचकाला स्वतः पडताळता येतं.

आता निकाल असा लिहिता येतो:

‘आठ आठवड्यांत हिमोग्लोबिनची सरासरी वाढ रोजच्या गटात १.६ (प्रमाण विचलन ०.८; ५४ स्त्रिया) आणि दिवसाआडच्या गटात १.३ (०.९; ५२ स्त्रिया) ग्रॅम प्रति डेसिलीटर होती. दोहोंतला फरक ०.३ (९५ टक्के विश्वासांतराल −०.०३ ते ०.६३; p = 0.07). मळमळ अनुक्रमे ५४ पैकी २० (३७.० टक्के) आणि ५२ पैकी ८ (१५.४ टक्के) स्त्रियांना झाली, फरक २१.७ टक्के-अंश (५.५ ते ३७.८; p = 0.01).’

मुख्य आणि दुय्यम, दोन्ही प्रश्नांची उत्तरं एवढ्यात आली. यातला प्रत्येक आकडा दुसऱ्याच्या आधाराने उभा आहे, त्यामुळे एकही सुटा काढता येत नाही. प्रमाण विचलनाच्या जागी नुसतं ‘१.६ ± ०.८’ लिहिलं, तर ०.८ हे विचलन की प्रमाण त्रुटी, हे वाचकाला कळत नाही. याच गटाची प्रमाण त्रुटी सुमारे ०.११ येते, म्हणजे सातपट फरक. विश्वासांतराल गाळला, तर खरा फरक कुठपासून कुठपर्यंत असू शकतो, हे हरवतं. आणि p = 0.000 हा संगणकाने तीन दशांशांपर्यंत दाखवलेला आकडा आहे. शक्यता शून्य कधीच नसते, म्हणून तिथे p < 0.001 लिहितात.

आता मोह सुरू होतो. हिमोग्लोबिनचा निकाल 0.05 च्या पलीकडे गेला आणि मळमळीचा अलीकडे आला. शब्द वाचवायचेच आहेत, तर मळमळच मुख्य निकाल म्हणून पुढे आणावी आणि हिमोग्लोबिन एका वाक्यात उरकावं, असं वाटू लागतं. पण अशा प्रयोगाची नोंद आपल्याकडे ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’मध्ये केलेली असते, मुख्य प्रश्न तिथे आधीच लिहिलेला असतो आणि ती नोंद कुणालाही पाहता येते. लेख तपासणारे तज्ज्ञ नोंद आणि हस्तलिखित शेजारी ठेवतात. अदलाबदल तिथे उघडी पडते.

मुख्य निकाल लिहितानाही एक घसरण टाळावी लागते. p = 0.07 म्हणजे ‘दोन्ही पद्धती सारख्याच’ असं नव्हे. −०.०३ ते ०.६३ या पल्ल्यात शून्य बसतं तसाच अर्ध्या ग्रॅमहून मोठा फरकही बसतो. दिवसाआड गोळी कमी पडत नाही, असा दावा करायचा असता, तर किती फरक चालेल ही मर्यादा अभ्यासाआधी ठरवायला हवी होती. ‘फरक सिद्ध झाला नाही’ एवढंच म्हणता येतं.

वयोगटानुसार, बाळंतपणांनुसार केलेल्या तीसेक चाचण्या उरतात. कुठलाच खरा फरक नसला, तरी 0.05 ची पट्टी लावल्यावर तिसातल्या एक-दोन चाचण्या ‘लक्षणीय’ निघण्याची अपेक्षा असते. त्यामुळे आधी ठरवलेलं उपविश्लेषण असेल तेवढं मजकुरात ठेवायचं आणि बाकीचं नियतकालिकाच्या ऑनलाइन पुरवणीत द्यायचं, कोणत्या चाचण्या नंतर सुचल्या ते स्पष्ट लिहून.

हस्तलिखित पाठवण्यापूर्वी शेवटचं काम पेन्सिल घेऊन होतं. सारांश, मजकूर आणि कोष्टक यांतल्या प्रत्येक आकड्यावर खूण करायची आणि तो मास्टर चार्टवरून पुन्हा काढून पाहायचा. छेद बदलल्यावर सारांशात राहून गेलेले ३३.३ टक्के तिथे सापडतात.