वाढदिवस एकीचा, घरात भावंडं पाच

एप्रिल महिन्यात आपल्याकडे अनेक कुटुंबं जयंतीसाठी आजी-आजोबांच्या घरी जमतात. अशा घरात सहा वर्षांच्या एकुलत्या एका मुलीचा वाढदिवस 12 तारखेला आला, असं समजा. एरवी तिच्या खेळण्यांना कुणी हात लावत नाही. आता काकांचा तेरा वर्षांचा मुलगा आणि दोन वर्षांची मुलगी, आत्याचा नऊ वर्षांचा मुलगा आणि चार वर्षांची मुलगी, अशी चार भावंडं तीन दिवस मुक्कामाला आहेत. केक कापून अर्धा तास होत नाही तोच रडारड सुरू होते. मग एखादी मोठी व्यक्ती तिच्या हातातली बाहुली काढून धाकटीला देते आणि म्हणते, "बाळा, दान करायला शिक."

याला दान म्हणता येत नाही. दानात देणाऱ्याची इच्छा असावी लागते. पंचशीलातलं दुसरं शील तर सांगतं की न दिलेलं घेऊ नये, आणि ते सहा वर्षांच्या मुलीच्या वस्तूलाही लागू आहे. म्हणून तयारी दोन दिवस आधीच करावी. तिच्यासोबत बसून खेळणी दोन भागांत वेगळी करावीत. जी कुणालाच द्यायची नाहीत अशी दोन-तीन तिनेच निवडून कपाटात ठेवावीत, बाकीची सगळ्यांची. आपलं काही सुरक्षित आहे हे कळलं की मुलं बाकीच्या वस्तूंवरचा हात बऱ्याचदा सैल करतात. पाहुणे आल्यावर हे ठरवायला बसलात, तर उपयोग होत नाही.

उघड्यावर ठेवलेल्या खेळण्यांसाठी पाळी लावावी. लहानांना 'पाच मिनिटं' कळत नाहीत. मोबाईलवर एक भीमगीत लावा. गाणं संपलं की खेळणं पुढच्याकडे. गाणं कुणाच्या बाजूचं नसतं, त्यामुळे मोठ्यांवर पक्षपाताचा आरोपही येत नाही. दोन वर्षांचं मूल मात्र पाळी पाळू शकत नाही. त्याच्या हाती दुसरं काही द्यावं, वाद घालू नये.

आता भेटवस्तू. सगळ्यांना एकसारखीच वस्तू दिली की समानता झाली, असं वाटतं. पण क्रेयॉनची पेटी तेरा वर्षांच्या मुलाला अपमानासारखी वाटेल. रक्कम सारखी ठेवा, वस्तू वयाप्रमाणे निवडा. बजेट बाराशे रुपयांचं असेल तर चौघांना प्रत्येकी दीडशेची एक वस्तू: मोठ्याला गोष्टीचं पुस्तक, नऊ वर्षांच्याला चेंडू, चार वर्षांच्या मुलीला रंग, धाकटीला तोंडात मावणार नाही असा मोठा मऊ चेंडू. मुलीला भातुकली आणि मुलाला बॅट ही जुनी वाटणी तरी आपण मोडायला हवी. उरलेल्या सहाशेत बसेल असा लहान कॅरम किंवा बॅडमिंटनचा संच घ्यावा आणि तो आजीच्याच घरी ठेवावा. कुणी घरी न्यायचा नाही, म्हणून तो कुणा एकाचा होत नाही. सुट्टीला येणारं प्रत्येक मूल त्यावर खेळतं.

वाढदिवसाच्या मुलीच्या भेटी मात्र तिच्याच. चौघांना काही मिळालं म्हणून तिची भेट कमी करू नये. खरी अडचण नातेवाईकांच्या भेटींत येते. एका मामाने सायकल आणली आणि आत्याची मुलं बघत उभी राहिली, हे दृश्य आपल्याला नवं नाही. मामांना आधीच फोन करून सांगता येतं, "सायकल नंतर आपल्या घरी आणा." पाकिटं आणि बाकीच्या भेटी पाहुणे गेल्यावर उघडाव्यात. ज्या भावंडाचा वाढदिवस पैशांअभावी साजरा झाला नाही, त्याची दया करत सगळ्यांसमोर जास्तीची भेट देऊ नये. ते मूल हिशेब ओळखतं.

कामं वाटली तर भेटींवरचा भार कमी होतो. तेरा वर्षांच्या मुलाने त्रिशरण-पंचशील म्हणावं, बाकीच्यांनी त्याच्यामागे म्हणावं. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे प्रत्येकाने एक मेणबत्ती लावावी, धाकटीने मोठ्यांचा हात धरून. केक कापणं फक्त हिचं. "सगळे मिळून कापू" म्हणत चार हात सुरीवर ठेवले, तर तिचा हक्क जातो आणि बाकीच्यांनाही काही विशेष मिळत नाही.

काही बिघडतंय हे रडण्याआधीच दिसतं. मुलगी भेटी मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसली, चार वर्षांची मुलगी आईला 'घरी चल' म्हणू लागली, की दहा मिनिटं खेळणी बाजूला ठेवून खीर वाढावी. सर्वात जास्त दुर्लक्ष होतं ते मोठ्या मुलाकडे. तो "मला काही नको" म्हणतो आणि मोबाईल काढतो. त्याला समजूतदार म्हणून सोडून देऊ नका. त्याचं पुस्तक त्याच्या हातात द्या आणि कॅरमचा पहिला डाव त्यालाच मांडायला सांगा.