लिंक खरी, पत्ता चोराचा

११ जानेवारी २०२४ रोजी गिटलॅब या कंपनीने तातडीची सूचना काढली. जगभरातले प्रोग्रामर आपला कोड जिथे ठेवतात, अशा मोठ्या ठिकाणांपैकी हे एक. सॉफ्टवेअरमधल्या त्रुटींना धोक्यानुसार दहापैकी गुण दिले जातात. या त्रुटीला पैकीच्या पैकी मिळाले होते. चोराला ना पासवर्डचा अंदाज बांधावा लागत होता, ना कुणाला गंडवून क्लिक करायला लावावं लागत होतं. ‘पासवर्ड विसरलात?’ हे बटण दाबल्यावर सर्व्हरकडे जी मागणी जाते, तिच्यात एकाऐवजी दोन पत्ते घातले की काम फत्ते.

```
user[email][]=asha@example.com&user[email][]=chor@example.net
```

आशाच्या पत्त्यावरून सर्व्हरला तिचं खातं सापडायचं, पण नवा पासवर्ड ठेवायची लिंक मात्र दोन्ही पत्त्यांवर रवाना व्हायची. दुय्यम ईमेलवरूनही पासवर्ड बदलता यावा, अशी सोय कंपनीने १६.१ या आवृत्तीत केली होती. ती करताना पत्त्याची पडताळणी निसटली.

गंमत म्हणजे त्या लिंकमध्ये काहीच खोट नव्हती. ती कशी तयार होते? मागणी आली की सर्व्हर साधारण ३२ बाइटचा रँडम मजकूर बनवतो. हे झालं टोकन. घड्याळातली वेळ किंवा खातेक्रमांक यांवरून ते बनवलं, तर चोरही घरबसल्या बनवू शकेल; म्हणून ते सुरक्षित रँडम स्रोतातूनच यावं लागतं. लिंकच्या शेपटाला जोडून ते ईमेलने जातं. डेटाबेसमध्ये मात्र ते जसंच्या तसं ठेवायचं नसतं. तिथे त्याचा फक्त हॅश आणि मुदत ठेवायची, म्हणजे उद्या डेटाबेसची प्रत कुणाच्या हाती लागली तरी तिच्यावरून चालू लिंक बनवता येत नाही.

मुदत किती ठेवावी, यावर एकमत नाही. लारावेल या फ्रेमवर्कमध्ये मुळात ६० मिनिटं ठरवलेली असतात, जॅन्गोमध्ये ३ दिवस. तीन दिवस जरा उदारच म्हणायचे. पासवर्ड विसरलेला माणूस बहुधा स्क्रीनसमोर ईमेलची वाट पाहतच बसलेला असतो.

टोकन एकदाच चालावं, हा नियम ऐकायला सोपा आहे. पण ते ‘वापरलं’ असं नेमकं कधी समजायचं? अनेक कंपन्यांची ईमेल यंत्रणा आलेल्या पत्रातल्या लिंका कर्मचाऱ्याच्या आधी स्वतः उघडून तपासते. लिंक उघडताच टोकन बाद होत असेल, तर ते या तपासणीतच खर्ची पडतं. कर्मचारी क्लिक करतो आणि समोर येतं, ‘ही लिंक आधीच वापरली आहे’. तो पुन्हा मागणी करतो, पुन्हा तेच. ऑफिसच्या ईमेलवर रडगाणं आणि घरच्या जीमेलवर सगळं सुरळीत, असं दिसलं की पहिला संशय इथे घ्यावा. लिंक उघडल्यावर केवळ फॉर्म दाखवावा; नवा पासवर्ड भरून पाठवल्यावरच टोकन बाद करावं. त्याच वेळी इतर ठिकाणी चालू असलेली लॉगिनंही बंद करावीत, नाहीतर आधीच आत शिरलेला चोर आतच राहतो.

पण टोकन कितीही चोख असलं, तरी ते कुणाला पाठवायचं हा प्रश्न उरतोच. गिटलॅबच्या आधी, १८ डिसेंबर २०१९ रोजी, जॅन्गोलाही याच जागी दुरुस्ती करावी लागली होती. तुर्की लिपीत बिनटिंबाचा ı असतो. तो मोठ्या लिपीत बदलला की साध्या i सारखाच I होतो. त्यामुळे लहान-मोठ्या अक्षरांचा भेद न करता शोध घेतला, तर `mıke@example.org` असं भरणाऱ्याला `mike@example.org` चं खातं सापडू शकायचं. आणि ईमेल? तो भरलेल्या पत्त्यावर, म्हणजे चोराकडे. दुरुस्तीनंतर ईमेल खात्यात नोंदलेल्या पत्त्यावर जाऊ लागला. समोरच्याने भरलेला पत्ता खातं शोधण्यापुरता वापरायचा आणि तिथेच सोडून द्यायचा.

गिटलॅबच्या प्रकरणात दोन टप्प्यांचं लॉगिन चालू ठेवलेल्यांचा पासवर्ड बदलला जाऊ शकत होता, पण दुसऱ्या टप्प्याचा कोड नसल्याने चोर दाराशीच अडायचा. स्वतःच्या सर्व्हरवर गिटलॅब चालवणाऱ्यांना कंपनीने नवी आवृत्ती घ्यायला सांगितलंच, शिवाय जुन्या नोंदी चाळायलाही सांगितलं: `/users/password` कडे आलेल्या मागण्यांमध्ये ईमेलच्या रकान्यात एकाहून जास्त पत्ते दिसतात का, ते पाहायला.