थकलेले हृदय (भाग ४) : सावरणारे रसायनच घातक कसे ठरते?

हृदय दुबळे पडले की मूत्रपिंडे मीठ-पाणी कसे धरून ठेवतात, हे मागच्या भागात पाहिले. त्याआधीच, काही सेकंदांत धावून येते ती सिम्पथेटिक मज्जासंस्था. निरोगी हृदय दर ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर रक्त बाहेर टाकते. मिनिटाला ७० ठोके धरले, तर जवळपास ५ लिटर. स्नायू दुबळा होऊन ठोक्यामागे ४० मिलिलिटरच बाहेर पडू लागले, तर तेवढाच पुरवठा राखायला १२० ठोके लागतात. नॉरअॅड्रेनलिन स्रवते, ठोके वाढतात, आकुंचन जोरकस होते, रक्तवाहिन्या आवळून रक्तदाब सावरला जातो. रक्तस्राव झालेल्या माणसाचा जीव याच यंत्रणेमुळे वाचतो. पण तिथे गरज काही तासांची असते. हृदयाचा दुबळेपणा वर्षानुवर्षे टिकतो आणि मदतीचा हा आदेशही थांबत नाही. डाव्या कप्प्याच्या स्नायूला रक्त मुख्यतः दोन ठोक्यांमधल्या विसाव्यात मिळते, आणि ठोके १२०वर गेले की तो विसावा निम्म्यावर येतो. म्हणजे प्राणवायूची गरज वाढते नेमकी तेव्हाच पुरवठ्याची वेळ आटते. आवळलेल्या वाहिन्यांविरुद्ध रक्त ढकलण्याचा भार वेगळाच. सततच्या माऱ्याने पेशी मरतात, कप्पा फुगतो आणि पेशींवरील बीटा ग्राहक घटत जातात. मग तेवढ्याच परिणामासाठी आणखी नॉरअॅड्रेनलिन लागते.

यावर एक रास्त आक्षेप आहे : वाढलेले नॉरअॅड्रेनलिन आजार गंभीर असल्याची नुसती खूण असेल, कारण नसेल. रुग्णाच्या रक्तात ते जितके जास्त तितके आयुष्य कमी, हे १९८४ मध्ये दिसले होते. पण तेवढ्याने कारण सिद्ध होत नाही. निर्णायक पुरावा औषधांनी दिला. पेशीतली तीच साखळी पुढून चेतवून आकुंचन वाढवणाऱ्या मिलरिनोनच्या गोळ्यांनी १९९१च्या चाचणीत मृत्यूचे प्रमाण २८ टक्क्यांनी वाढवले. उलट, नॉरअॅड्रेनलिनचा मारा अडवणारे बिसोप्रोलॉल हे बीटा ब्लॉकर १९९९ मध्ये तपासले गेले, तेव्हा सरासरी सव्वा वर्षात मृत्यू १७.३ टक्क्यांवरून ११.८ टक्क्यांवर आले. चेतवले की मृत्यू वाढतात, अडवले की घटतात. नुसत्या खुणेच्या बाबतीत असे घडले नसते.

मग हृदय ज्या आधारावर उभे आहे तोच काढला, तर ते कोसळणार नाही का? एकदम काढला, तर कोसळू शकते. बीटा ब्लॉकर दुबळ्या हृदयाला घातक आहेत, असे डॉक्टरांना दीर्घकाळ वाटत होते ते उगाच नव्हे. म्हणून कार्व्हेडिलॉल हे बीटा ब्लॉकर दिवसातून दोनदा ३.१२५ मिलिग्रॅम इतक्या अल्प मात्रेने सुरू करतात, तेही फुप्फुसांतले पाणी उतरून प्रकृती स्थिर झाल्यावर, आणि सोसेल तसे दर दोन आठवड्यांनी दुप्पट करतात. सुरुवातीला थकवा किंवा सूज वाढू शकते. स्नायू सुधारल्याचे इकोमध्ये दिसायला काही महिने जातात. स्वीडनमधील गोथेनबर्गच्या डॉक्टरांनी १९७५ मध्ये अवघ्या सात रुग्णांत बीटा ब्लॉकरने झालेली ही सुधारणा पाहिली होती, पण ती सर्वमान्य व्हायला दोन दशके लागली. मात्र सिम्पथेटिक यंत्रणेचा मेंदूकडूनच गळा आवळणेही चालत नाही : नॉरअॅड्रेनलिनचे स्रवणेच घटवणाऱ्या मॉक्सोनिडिनची चाचणी मृत्यू वाढल्यामुळे मध्येच थांबवावी लागली. याउलट, बीटा ब्लॉकर घेणाऱ्याच्या शरीरात नॉरअॅड्रेनलिन उरते, आणि जिना चढताना नाडी थोडी तरी वाढतेच.