विश्लेषण : सूर्याच्या उंचीवरून वेळ आणि ठिकाण सांगणारे अ‍ॅस्ट्रोलेब कसे चालत असे?

घड्याळ आणि जीपीएस येण्याच्या कित्येक शतके आधी खगोलशास्त्रज्ञ एका पितळी तबकडीवरून वेळ काढत आणि खलाशी तिच्याच साध्या भावंडावरून आपण कुठवर आलो ते ठरवत. या उपकरणाचे नाव अ‍ॅस्ट्रोलेब. फिरोजशाह तुघलकाच्या दरबारातील जैन विद्वान महेंद्र सूरी यांनी १३७० मध्ये त्यावर संस्कृतात ग्रंथ लिहिला आणि त्याला नाव दिले ‘यंत्रराज’. हे यंत्र नेमके काय करते, हे उल्हासनगर कॅम्प ४ मधील एखाद्या गच्चीवरून २२ डिसेंबरला सूर्य मोजला, असे धरून पाहू.

या तबकडीत असते काय?

अ‍ॅस्ट्रोलेब वरच्या कडीला धरून लोंबकळत ठेवतात, म्हणजे ते आपल्या वजनाने सरळ उभे राहते. मागच्या बाजूला कडेवर अंश कोरलेले असतात आणि मध्यावर फिरणारी पट्टी असते. पट्टीच्या दोन्ही टोकांजवळ भोक असलेली एकेक पाती असते. या पट्टीने सूर्य किंवा तारा क्षितिजापासून किती अंश वर आहे ते मोजतात. पुढच्या बाजूला आकाशाचा नकाशा असतो. खाली एक पत्रा, त्यावर क्षितिज आणि उंचीच्या रेषा कोरलेल्या. त्याच्यावर फिरणारी जाळी, तिच्यात ठळक ताऱ्यांची टोके आणि सूर्याच्या वार्षिक मार्गाचे कडे. जाळी फिरवली की आकाश फिरल्यासारखे होते.

यावरून ठिकाण कसे कळते?

यासाठी फक्त मागची बाजू पुरते. सूर्य सर्वांत उंच चढतो तेव्हाची उंची मोजायची. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशावर ठरलेली आहे आणि उल्हासनगर त्याच्या पश्चिमेला सुमारे ९.३ अंशांवर. एका अंशाला चार मिनिटे या हिशेबाने आपली खरी दुपार घड्याळाच्या बारानंतर साधारण ३७ मिनिटांनी होते. हा क्षण वर्षभरात काही मिनिटे पुढे-मागे सरकतो. २२ डिसेंबरला तो १२ वाजून ३६ मिनिटांच्या आसपास येतो. तेव्हा सूर्याची उंची भरते ४७.४ अंश.

९० मधून ४७.४ वजा केले की ४२.६ उरतात. म्हणजे सूर्य डोक्यावरच्या बिंदूपासून इतका दक्षिणेला आहे. त्या दिवशी सूर्य विषुववृत्ताच्या २३.४ अंश दक्षिणेला असतो, हे तक्त्यातून मिळते. ४२.६ मधून २३.४ गेले, राहिले १९.२. हाच उल्हासनगरचा अक्षांश.

इथे एक मेख आहे. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरच्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य उल्हासनगरच्या उत्तरेला असतो. त्या काळात वजाबाकीची दिशा बदलावी लागते. सूर्य कोणत्या बाजूला आहे हे न पाहता डिसेंबरचाच हिशेब लावला, तर उत्तर चुकते.

आणि वेळ?

आता दुपार टळून गेली आहे आणि सूर्याची उंची भरली ३० अंश. तारखेवरून सूर्याची जागा मागच्या कडेवर वाचायची. २२ डिसेंबरला ती सायन मकरेच्या आरंभी असते. (आपली मकरसंक्रांत निरयन पद्धतीने येते, म्हणून ती जानेवारीत.) मग पुढच्या जाळीवरची तीच जागा, पत्र्यावरच्या ३० अंशांच्या रेषेला पश्चिम बाजूने टेकेपर्यंत जाळी फिरवायची. मध्यावरची पट्टी सूर्याच्या जागेवर आणली की ती कडेवर सुमारे ४३ अंश दाखवते. पंधरा अंशांचा एक तास, म्हणजे खरी दुपार होऊन २ तास ५३ मिनिटे झाली. घड्याळात ३ वाजून २९ मिनिटे.

सूर्य सकाळी ९ वाजून ४३ मिनिटांनीही ३० अंशांवरच होता. सूर्य चढतो आहे की उतरतो आहे, हे माणसालाच पाहावे लागते. रात्री सूर्याऐवजी तारा धरायचा. त्याची उंची मोजून जाळीवरचे त्याचे टोक त्या रेषेवर आणायचे, बाकी कृती तीच.

चूक कुठे होते?

पत्रा एकाच अक्षांशासाठी कोरलेला असतो. मुघल काळात उत्तम अ‍ॅस्ट्रोलेब लाहोरला बनत. लाहोरचा पत्रा उल्हासनगरात वापरला, तर त्याच ३० अंशांवरून दुपारनंतर केवळ १ तास ४० मिनिटे झाल्याचे दिसेल. चूक सव्वा तासाच्या आसपास. म्हणून प्रवासी अ‍ॅस्ट्रोलेबच्या पोटात वेगवेगळ्या अक्षांशांचे पत्रे ठेवलेले असत.

दुसरी चूक मोजण्याच्या वेळेची. साडेतीनच्या सुमारास सूर्य झपाट्याने उतरतो. तेव्हा मोजमापात एक अंश चुकला, तरी वेळ सहा मिनिटांनीच चुकते. दुपारी मात्र सूर्य माथ्यावर रेंगाळतो, आणि एका अंशाची चूक वेळेत सुमारे ३८ मिनिटे पडते. त्यामुळे वेळ काढायला दुपारची घडी वाईट. पण अक्षांशासाठी तीच उत्तम, कारण सूर्य रेंगाळत असताना दोन-चार मिनिटे पुढे-मागे झाले तरी उंची जवळपास तीच राहते.

खलाशांचे अ‍ॅस्ट्रोलेब वेगळे का होते?

समुद्रावर नकाशा आणि जाळीची गरज नव्हती, दुपारची उंची तेवढी हवी होती. म्हणून पोर्तुगीज खलाशांनी मागची बाजू ठेवून बाकीचे काढून टाकले. तरी हलत्या जहाजावर तबकडी झुलत असे आणि वारा तिला ढकलत असे. त्यावर उपाय म्हणून पुढे ती जड आणि मध्ये मोकळी ओतली जाऊ लागली, म्हणजे वारा आरपार जाई. सूर्याकडे डोळा लावायचा नसे. वरच्या भोकातून आलेला कवडसा खालच्या भोकावर पडेपर्यंत पट्टी फिरवत.

वास्को द गामाच्या भारताकडे निघालेल्या दुसऱ्या ताफ्यातील ‘एस्मेराल्डा’ हे जहाज १५०३ मध्ये ओमानच्या किनाऱ्याजवळ बुडाले. २०१४ मध्ये त्याच्या अवशेषांत सुमारे साडेसतरा सेंटिमीटर व्यासाची तबकडी सापडली. लेझर स्कॅन केल्यावर तिच्या कडेवर पाच-पाच अंशांच्या खुणा दिसल्या. खलाशांच्या अ‍ॅस्ट्रोलेबपैकी आज माहीत असलेल्या सर्वांत जुन्या नमुन्यांत ती गणली जाते.

एक अंश म्हणजे उत्तर-दक्षिण सुमारे १११ किलोमीटर. पणजीचा अक्षांश साडेपंधरा, म्हणजे उल्हासनगरपेक्षा ३.७ अंशांनी कमी. झुलत्या जहाजावर एका अंशाने चूक झाली, तर गोव्याला जाणारा खलाशी बंदर सोडून शंभरेक किलोमीटर दूर किनाऱ्याला लागे.

पूर्व-पश्चिम किती आलो, हे का कळत नसे?

मेक्सिको सिटीचा अक्षांश १९.४ आहे. त्याच २२ डिसेंबरला तिथल्या दुपारी सूर्याची उंची ४७.२ अंश भरते, उल्हासनगरपेक्षा जेमतेम ०.२ अंशाने कमी. एवढा फरक हातातल्या तबकडीवर ओळखू येत नाही. मग जगाच्या दोन टोकांची ही शहरे वेगळी कशी ओळखायची? त्यासाठी इथल्या दुपारी दुसऱ्या ठरलेल्या ठिकाणी किती वाजले आहेत, हे ठाऊक हवे. अ‍ॅस्ट्रोलेब फक्त स्थानिक वेळ सांगते. दुसऱ्या गावची वेळ बरोबर नेणारे, जहाजावर बिघडत नाही असे घड्याळ अठराव्या शतकात जॉन हॅरिसन यांनी घडवले. सूर्याची उंची मोजण्यासाठीही तोवर आरशांची अधिक अचूक उपकरणे आली होती, आणि पितळी तबकडी जहाजावरून उतरली.