पहिला स्कूबा डाइव्ह : कान आणि फुप्फुसे काय सांगतात?

दिवाळीच्या सुट्टीत तारकर्ली-मालवणला जाणारे अनेक जण पहिल्यांदाच स्कूबा डायव्हिंग करतात. 'फक्त पाच-सहा मीटर खोल जायचे आहे, पोहता आले नाही तरी चालते,' असे तेथे सांगितले जाते. मात्र, पाण्याच्या दाबातला सर्वांत मोठा सापेक्ष बदल पहिल्या १० मीटरमध्येच होतो. तेवढ्या खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो.

हा दाब आधी कानांना जाणवतो. एक-दीड मीटरवरच कानाचा पडदा आत ओढला जाऊन दुखू लागतो. त्यावर उपाय म्हणजे नाक चिमटीत धरून तोंड मिटून हलकेच हवा सोडणे. हे दुखण्याआधीच, थोडे थोडे खाली जाताना पुन्हा पुन्हा करावे. कान मोकळा होत नसेल तर जोर न लावता थोडे वर यावे. सर्दी असेल तर डाइव्ह पुढे ढकलावा. औषधाने नाक मोकळे करून उतरल्यास पाण्याखाली त्याचा असर ओसरतो आणि वर येताना हवा आत अडकते.

फुप्फुसांचा धोका याहून गंभीर आहे. समजा, सहा मीटरवर फुप्फुसांत पाच लिटर हवा आहे आणि घाबरून श्वास रोखून कोणी झपकन वर आले. दाब कमी होताच तीच हवा आठ लिटर जागा मागते. त्यामुळे फुप्फुस फाटू शकते किंवा हवेचे बुडबुडे रक्तातून मेंदूपर्यंत पोहोचू शकतात. म्हणून पाण्याखाली श्वास कधीही रोखायचा नाही आणि वर सावकाश यायचे.

दम्यात श्वासनलिका आकुंचन पावून हवा अशीच अडकू शकते. दमा, फिट्स, हृदयविकार, पूर्वी फुप्फुसातून हवा गळणे किंवा कानाची शस्त्रक्रिया झाली असल्यास बुकिंगपूर्वीच डॉक्टरांना विचारावे. गरोदरपणी स्कूबा टाळावे. किनाऱ्यावर हाती येणाऱ्या आरोग्याच्या फॉर्मवर सरसकट 'नाही' लिहू नये.

सेवा देणारा कसा ओळखावा? तो फॉर्म वाचून प्रश्न विचारतो. प्रशिक्षकाचे प्रमाणपत्र दाखवतो. उथळ पाण्यात कान मोकळा करणे, मास्कमधले पाणी काढणे आणि हाताच्या खुणा यांचा सराव करून घेतो. प्रशिक्षक पूर्ण वेळ हाताच्या अंतरावर राहील का आणि बोटीवर ऑक्सिजन आहे का, हेही विचारावे. 'दहा मिनिटांत शिकवतो, चला' म्हणणाऱ्याला नकार द्यावा.

परतीचे विमान असेल तर एका डाइव्हनंतर किमान १२ तास, तर अनेक डाइव्हनंतर १८ तास थांबावे. वर आल्यावर छातीत दुखणे, धाप, बधिरपणा किंवा गोंधळल्यासारखे वाटले, तर तो थकवा समजू नये. ऑक्सिजन सुरू करून थेट रुग्णालय गाठावे आणि डाइव्ह केल्याचे डॉक्टरांना आधी सांगावे.